डोसिंग सुरू होताच रिॲक्टरचं तापमान उसळतं, मग खाली बसतं, पुन्हा उसळतं: कारण कुठे शोधायचं?

तक्रार ओळखीची आहे. जॅकेटेड रिॲक्टर, ६० अंशांवर चालणारी उष्णता देणारी रिॲक्शन, वरून हळूहळू डोस होणारा दुसरा घटक. डोसिंग सुरू झालं की दहा-पंधरा मिनिटांत तापमान ६६ वर जातं. ऑपरेटर कूलिंग हाताने पूर्ण उघडतो, तापमान ५० पर्यंत घसरतं. मग तासाभराने, कोणी काही न करता, ते पुन्हा चढू लागतं आणि या वेळी पाणी पूर्ण उघडं असूनही थांबत नाही. प्रत्येक बॅचला हेच होतं. दरवेळी पीआयडीचे आकडे बदलले जातात आणि पुढच्या बॅचला तक्रार परत हजर होते.

यात दोन उसळ्या आहेत आणि दोघींची कारणं वेगळी आहेत. पहिली बहुतेक वेळा वाफेची असते. दुसरी रिॲक्शनची असते आणि खरा धोका तिच्यातच आहे. पीआयडीला हात लावण्याआधी दोन्ही वेगळ्या करून बघा.

उदाहरणाचे आकडे

पुढचा सगळा हिशेब एका ठरावीक बॅचवर करू, म्हणजे शब्द हवेत राहणार नाहीत. रिॲक्टर ५ किलोलिटरचा, स्टीलचा. आत २५०० किलो चार्ज, त्यातला घटक ‘अ’ मुबलक. वरून घटक ‘ब’चे ५०० किलो, म्हणजे ५ किलोमोल, चार तासांत सोडायचे. रिॲक्शनची उष्णता ‘ब’च्या प्रत्येक मोलला १५० किलोजूल. एकूण ७५० मेगाजूल झाले. शेवटचं वजन ३००० किलो आणि विशिष्ट उष्णता २ किलोजूल प्रतिकिलो प्रतिअंश धरली, तर रिॲक्टरमधला माल एक अंश तापवायला ६ मेगाजूल लागतात. सगळी उष्णता आतच राहिली तर तापमान १२५ अंशांनी वाढेल. हीच ॲडियाबॅटिक वाढ.

चार तासांत ७५० मेगाजूल म्हणजे सरासरी ५२ किलोवॅट. जॅकेटचं ओलं क्षेत्रफळ १० चौरस मीटर आणि उष्णतावहन गुणांक ३०० वॅट धरला, तर आतल्या आणि जॅकेटच्या तापमानातल्या दर अंश फरकाला ३ किलोवॅट निघतात. म्हणजे ५२ किलोवॅट काढायला १७ अंशांचा फरक पुरतो. टॉवरचं पाणी ३२ ने आत जाऊन ३६ ने बाहेर आलं, तर जॅकेट सरासरी ३४ वर राहील आणि कमाल ७८ किलोवॅट निघतील. कागदावर दीडपट क्षमता आहे.

आता हाच गुणांक जॅकेटमधल्या गाळाने ३०० वरून २०० वर आला असं समजा. कमाल क्षमता ५२ किलोवॅट उरते, म्हणजे नेमकी लागते तेवढीच. तारापूर, महाड, लोट्याच्या दमट हवेत मे महिन्यात टॉवरचं पाणी फार थंड होत नाही. त्यामुळे हिवाळ्यात निमूट चालणारी बॅच उन्हाळ्यात बंड करते आणि दोष कंट्रोलरवर येतो.

पहिली उसळी: जॅकेटमध्ये उरलेली वाफ

डोसिंग सुरू झाल्यावर उष्णता लगेच पूर्ण जोराने येत नाही. आपल्या उदाहरणात ६० अंशांवर साठलेल्या ‘ब’चा साधारण दोन-तृतीयांश भाग खपायला २४ मिनिटं लागतात, म्हणून उष्णताही त्याच गतीने वर येते. मग पहिल्या दहा मिनिटांत सहा अंश आले कुठून?

रिॲक्टर ६० पर्यंत वाफेने तापवलेला असतो. जॅकेट तेव्हा १०५ अंशांवर असेल, तर ४५ अंशांच्या फरकाने १३५ किलोवॅट आत जात असतात. हे रिॲक्शनच्या उष्णतेच्या अडीचपट झालं. वाफेचा व्हॉल्व्ह बंद झाला तरी गरम कंडेन्सेट आणि जॅकेटची धातू आपली उष्णता आत देतच राहतात.

खात्री करायची रीत सोपी आहे. ट्रेंडवर रिॲक्टरचं तापमान आणि जॅकेटचं आउटलेट तापमान एकावर एक ठेवा. रिॲक्टर चढत असताना जॅकेट त्याच्यापेक्षा गरम असेल, तर ती वाफ. जॅकेट थंड असूनही रिॲक्टर चढत असेल, तर ती रिॲक्शन. जॅकेटच्या आउटलेटवर सेन्सरच नसेल, तर आधी तो बसवा. त्याच्याशिवाय या तक्रारीचं निदान म्हणजे अंदाज.

यात कंट्रोलरचाही वाटा असतो. तापवताना रिॲक्टरचं तापमान सांभाळणाऱ्या मास्टर कंट्रोलरला बराच वेळ एरर दिसत राहतो आणि त्याचा इंटिग्रल भाग फुगत जातो. स्प्लिट रेंजमध्ये, म्हणजे एकाच आउटपुटवर वाफ आणि पाणी असे दोन्ही व्हॉल्व्ह चालत असताना, आउटपुट १०० टक्क्यांवर चिकटलेलं असतं. ते ५० च्या खाली आल्याशिवाय पाण्याचा व्हॉल्व्ह हलतही नाही. दरम्यान ५ ते ८ मिनिटं वाफ बंद करणं, व्हेंट करणं, कंडेन्सेट काढणं आणि मग पाणी घेणं यात जातात. ही पायरी गाळता येत नाही. वाफ भरलेल्या जॅकेटमध्ये थेट पाणी घेतलं तर हॅमर बसतो, आणि ग्लास-लाइन्ड रिॲक्टर असेल तर काचेला धक्का बसतो.

उपाय दोन आहेत. कॅस्केडमध्ये जॅकेटच्या सेटपॉइंटला वरची मर्यादा घाला, रिॲक्टरच्या तापमानापेक्षा १५ अंश जास्त. तापवायला थोडा जास्त वेळ लागेल, पण शेवटी जॅकेट ७५ वर असेल, १०५ वर नाही. मास्टरच्या इंटिग्रलला जॅकेटचं खरं तापमान परत द्या, म्हणजे जॅकेट सांभाळणारा स्लेव्ह मर्यादेवर अडकला असताना मास्टर फुगत नाही. दुसरा उपाय म्हणजे डोसिंगची परवानगी. जॅकेट कूलिंगवर वळलेलं आहे, आउटलेटचं तापमान रिॲक्टरपेक्षा कमी आहे आणि रिॲक्टर १५ मिनिटं ६० अंशांवर स्थिर आहे, या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्याशिवाय डोसिंगचा व्हॉल्व्ह उघडूच नये.

एवढ्याने पहिली उसळी बहुधा जाते आणि लोक समाधान मानतात. तिथे थांबू नका.

दुसरी उसळी: न खपलेला साठा

ऑपरेटरने घाबरून पाणी पूर्ण उघडलं, तापमान ५० वर आलं, पण डोसिंग त्याच वेगाने चालू राहिलं. तापमान दर दहा अंश उतरलं की रिॲक्शनचा वेग साधारण निम्मा होतो असं धरा. ५० वर ‘ब’ निम्म्या वेगाने खपतो, म्हणून रिॲक्टरमध्ये न खपलेला ‘ब’ वाढत जातो. ६० वर हा साठा एकूण डोसच्या १० टक्के राहतो. ५० वर बराच वेळ रेंगाळलं तर तो २० टक्क्यांकडे सरकतो. मग कंट्रोलर रिॲक्टरला पुन्हा ६० वर आणतो, आणि तो २० टक्के साठा ६० च्या वेगाने पेट घेतो. आता उष्णता ५२ नाही, १०४ किलोवॅट. जॅकेटची कमाल क्षमता ७८ आहे. पाणी पूर्ण उघडं असून तापमान का थांबत नाही, ते इथे दिसतं.

कूलिंग बंद पडलं आणि त्याच क्षणी डोसिंगही थांबवलं, तरी आत साठलेला ‘ब’ खपणारच आणि तापमान एका ठरावीक पातळीपर्यंत जाणार. ही पातळी म्हणजे MTSR. Tp हे बॅच चालवायचं तापमान, Xac हा न खपलेल्या साठ्याचा एकूण डोसमधला वाटा आणि ΔTad ही वर काढलेली ॲडियाबॅटिक वाढ धरून ती अशी काढतात:

```
MTSR = Tp + Xac × ΔTad

Tp = 60 °C, Xac = 0.10 :  60 + 12.5 ≈ 73 °C
Tp = 45 °C, Xac = 0.27 :  45 + 34   ≈ 79 °C
Tp = 30 °C, Xac = 0.57 :  30 + 71   ≈ 101 °C
```

तिसरी ओळ नीट बघा. ३० अंशांवर चालवलेली बॅच दिसायला सगळ्यात शांत, आणि कूलिंग गेलं की सगळ्यात वर जाणारी तीच. आपल्या मालाचं विघटन ९५ अंशांच्या वर धोकादायक वेग घेतं असं धरलं, तर ६० वरची बॅच कूलिंग गेल्यावरही त्या रेषेच्या खाली राहते आणि ३० वरची ती ओलांडते. ‘जरा थंड चालवा, सुरक्षित राहील’ हा सल्ला डोसिंगच्या रिॲक्शनसाठी उलटा आहे. (हे साठ्याचे आकडे ‘अ’ मुबलक असतानाचे आहेत. दोन्ही घटक बरोबरीने असतील तर शेवटी वेग मंदावतो आणि साठा वेगळ्या जागी कमाल होतो. तो रिॲक्शन कॅलरीमीटरवर मोजूनच घ्यावा.)

प्लँटमध्ये साठा ताडून बघायचा एक मार्ग आहे, पण कॅलरीमीटरचे आकडे हातात असतील आणि MTSR सुरक्षित आहे हे आधीच माहीत असेल तरच. डोसिंगच्या मध्यावर ते थांबवा, तापमान ६० वर धरून ठेवा आणि जॅकेटमधून निघणारी उष्णता बघत राहा. पाण्याचा प्रवाह तासाला ५ घनमीटर आणि आत-बाहेर फरक ९ अंश असेल, तर ५ × ९ × १.१६३, म्हणजे ५२ किलोवॅट. डोसिंग थांबल्यावर हा आकडा २४ मिनिटांत साधारण १९ वर आला, तर साठा ७५ मेगाजूलच्या आसपास आहे, म्हणजे एकूण उष्णतेच्या १० टक्के, ठीक. तासाभरानंतरही तो निम्म्याच्या वर असेल, तर रिॲक्शन समजुतीपेक्षा मंद आहे. मग कॅटॅलिस्ट, ढवळणं किंवा खुद्द तापमानाचा सेन्सर यांत कुठेतरी गडबड आहे.

कूलिंग कसं बिघडतं, त्यावर कंट्रोल ठरतो

नेहमीचा नियम असा: हवा किंवा सिग्नल गेला की पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा पडावा, वाफेचा बंद व्हावा, डोसिंगचा बंद व्हावा. स्प्लिट रेंज त्याप्रमाणेच लावायची: ४ मिलिअँपिअरला पूर्ण कूलिंग, १२ ला दोन्ही बंद, २० ला पूर्ण वाफ. वायर तुटली तर कूलिंग मिळतं. तापमानाच्या पीटी-१०० ची वायर तुटली तर ट्रान्समीटर वरच्या टोकाला जाईल असं सेट करा. खालच्या टोकाला गेला तर कंट्रोलरला रिॲक्टर थंड दिसेल आणि तो वाफ उघडेल.

इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर असतं. चूक पुढे होते. ‘व्हॉल्व्ह उघडा पडतो, म्हणजे सुरक्षित’ असं मानून काम संपवलं जातं. पण पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा पडला आणि डोसिंग चालू राहिलं, तर रिॲक्टर थंड होतो, रिॲक्शन मंदावते, साठा वाढतो. वर ऑपरेटरने हाताने जे केलं, तेच आता व्हॉल्व्हने केलं. म्हणून डोसिंगला तापमानाची खालची मर्यादाही हवी: ६५ च्या वर डोसिंग बंद, ५५ च्या खालीही डोसिंग बंद. खालचा इंटरलॉक अनेक प्लँटमध्ये नसतोच, आणि असला तरी ‘उगाच ट्रिप होतो’ म्हणून बायपास केलेला सापडतो. तो बायपास दिसला तर या तक्रारीचं उत्तर तिथेच मिळालं असं समजा.

दुसरा बिघाड: वीज जाते. पाण्याचा पंप आणि ॲजिटेटर एकाच फीडरवर असतात, दोन्ही एकदम थांबतात. उघडा पडलेला व्हॉल्व्ह इथे काही कामाचा नाही, कारण त्यातून जायला पाणीच नाही. डोसिंग टाकी वर असेल आणि ‘ब’ गुरुत्वाने येत असेल, तर तो मात्र येत राहतो, आणि न ढवळलेल्या मालावर थर करून बसतो. दहा मिनिटांत २१ किलो साठतात, ज्यांची उष्णता तापमान ५ अंश वाढवू शकते. तासभर हेच चाललं तर १२५ किलो, म्हणजे ३१ अंश. सेन्सर एका जागचं तापमान दाखवतो, म्हणून यातलं काही पडद्यावर दिसत नाही. वीज आली, कोणी ॲजिटेटर चालू केला, की तो सगळा थर एका मिनिटात मिसळतो.

त्यामुळे ॲजिटेटर थांबला की डोसिंग बंद, हा इंटरलॉक तापमानाची वाट न बघता चालला पाहिजे. मोटर चालू असल्याचा कॉन्टॅक्ट त्याला पुरत नाही. कपलिंग तुटलं तरी मोटर फिरतच राहते. शाफ्टवर वेगाचा सेन्सर किंवा मोटरच्या करंटची खालची मर्यादा घ्या. पाण्याच्या कमी प्रवाहाचा इंटरलॉकही तसाच, जॅकेटच्या लाइनवर. पंपाच्या डिलिव्हरीचं प्रेशर कामाचं नाही, कारण पुढचा व्हॉल्व्ह बंद असला तर प्रेशर छान दिसतं. एक गोष्ट मात्र पाळा: कंट्रोलरने स्वतःच पाणी थोडं उघडलं असेल तेव्हा हा ट्रिप येऊ नये, म्हणून त्याला व्हॉल्व्ह २० टक्क्यांच्या वर उघडा असतानाच लागू करा.

डोसिंग नक्की थांबतं ही खात्री असेल, तर आपत्कालीन कूलिंग किती लागेल ते सहज निघतं. साठा १० टक्के म्हणजे ७५ मेगाजूल. पाणी १५ अंशांनी तापू दिलं तर १.२ घनमीटर पाणी पुरतं. वर एक २ घनमीटरची टाकी आणि जनरेटरवर ॲजिटेटर, एवढ्यात ही बॅच सावरता येते. ३० अंशांवर चालवली असती तर हेच पाणी जवळपास ७ घनमीटर लागलं असतं.

जिथे डोसिंगच नाही, तिथे काय होतं याचं उदाहरण फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचं टी-टू लॅबोरेटरीज आहे. पेट्रोलमध्ये घालायचा मँगनीजचा पदार्थ तिथे बनत असे. सोडियम, मेथिलसायक्लोपेंटाडाइन आणि डायग्लाइम सगळं आधीच चार्ज केलेलं असे. गरम तेलाने रिॲक्शन सुरू करायची आणि पुढे जॅकेटमध्ये शहराच्या नळाचं पाणी सोडून, ते उकळवून उष्णता काढायची. थांबवता येईल असा फीड नाही, पाण्याला पर्यायी सोय नाही. १९ डिसेंबर २००७ रोजी १७५ व्या बॅचला कूलिंग मिळालं नाही. तापमान वाढल्यावर सोडियम आणि डायग्लाइमची दुसरी, जास्त जोराची रिॲक्शन सुरू झाली. रप्चर डिस्क ४०० पीएसआयला फुटायची होती. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासानुसार ती ७५ पीएसआयला असती, तर रिॲक्टर वाचण्याची शक्यता होती. चार जणांचा जीव गेला, ३२ जखमी झाले. बॅच एकदम चार्ज करायची असेल, तर कूलिंग हाच एकमेव ब्रेक उरतो. मग त्याचा एकही बिघाड खपवून घेता येत नाही: पाण्याला दोन स्वतंत्र स्रोत हवेत आणि रिलीफ त्या दुसऱ्या रिॲक्शनसाठी मोजलेला हवा. आपली बॅच डोसिंगची असेल, तर डोसिंगचा व्हॉल्व्ह हा खरा ब्रेक आहे, पाण्याचा नव्हे.

मग त्या ब्रेकची तपासणी

डोसिंगच्या लाइनवर रिस्ट्रिक्शन ऑरिफिस बसवा. आपल्याला तासाला १२५ किलो हवेत. ऑरिफिस १५० किलोचा घेतला, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहून गेला तरी उष्णता ६३ किलोवॅटच्या वर जात नाही, आणि स्वच्छ जॅकेट तेवढी सहज काढतं. तासाला १००० किलो सोडणारा व्हॉल्व्ह बसवला असेल, तर इंटरलॉकला वेळच मिळत नाही. डोसिंग टाकीत एका बॅचपुरताच माल घ्या.

ट्रिपचा सेन्सर कंट्रोलच्या सेन्सरपेक्षा वेगळा, वेगळ्या थर्मोवेलमध्ये असावा. दोघांत ३ अंशांचा फरक पडला की अलार्म. पाणी शिरलेला पीटी-१०० हळूहळू कमी दाखवू लागतो आणि त्याला वायर तुटल्यावर चालणारं कोणतंही बर्नआउट सेटिंग पकडत नाही. तो फक्त शेजारच्या सेन्सरशी तुलना केल्यावर सापडतो.

गाळाची चाहूल आधीच लागते. प्रत्येक बॅचच्या मध्यावर, डोसिंग १२५ वर स्थिर असताना, पाण्याच्या व्हॉल्व्हची टक्केवारी लिहून ठेवा. ती ४५ वरून ५५, ६५ अशी सरकत असेल, तर जॅकेट धुवायची वेळ आली. ८० ओलांडल्यावर बॅच घेऊ नका.

ट्रिपनंतर पुन्हा सुरू करताना डोसिंगचा रीसेट हातानेच ठेवा. क्रम असा: आधी नमुना काढून ‘ब’ किती शिल्लक आहे ते बघायचं. ॲजिटेटर बंद पडलेला असेल तर तो चालू करण्याआधी ‘ब’ किती सोडला गेला याचा टोटलायझरवरून हिशेब मांडायचा, तापमान किती चढेल ते काढायचं, आणि त्या चढासाठी कूलिंग हातात आहे का ते पाहायचं. आकडा ९५ च्या जवळ जात असेल, तर ॲजिटेटर चालू न करता तज्ज्ञाला बोलवायचं. साठा ५ टक्क्यांच्या खाली आला आणि तापमान ६० वर स्थिर झालं, की डोसिंग पाव वेगाने सुरू करा. जॅकेट रिॲक्टरपेक्षा थंड होत गेलं, म्हणजे रिॲक्शनने पकड घेतली. मगच वेग वाढवा.

शेवटची जागा, जी बहुतेक वेळा सुटते: बंद असलेला डोसिंग व्हॉल्व्ह खरंच बंद आहे का? तासाला ५ किलो गळणारी सीट १२ तासांच्या रात्रीत थंड रिॲक्टरमध्ये ६० किलो सोडते, म्हणजे डोसचे १२ टक्के, म्हणजे सकाळी तापवताना १५ अंशांची भेट. लाइनवर दोन व्हॉल्व्ह ठेवा, त्यांच्या मधली लाइन ड्रेन करून उघडी ठेवा, आणि ड्रेनखाली थेंब दिसला की आधी वरच्या व्हॉल्व्हची सीट बदला.